'तुमचं कसं जमलं?' ही गोष्ट तुमच्या घरात कोण सांगतं, आणि दुसरा तेव्हा काय करत असतो?

निशिगंध

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, म्हणून धागा काढते. नवीन ओळख झाली, जेवणं उरकली, की कुणीतरी 'तुमचं लव्ह की अरेंज?' विचारतंच. मग जोडपी आपापली गोष्ट सांगतात. माझं लक्ष हल्ली गोष्टीपेक्षा सांगण्याकडेच जास्त जातं.

दोन नमुने देते. दोन्ही जोडपी आमच्याच ग्रुपातली, नावं नाही देत.

पहिलं जोडपं स्पर्धापरीक्षेच्या क्लासात भेटलं. तो म्हणतो, "हिची वही नेली आणि तिच्यावर पोह्याची बशी सांडली." ती लगेच, "बशी नाही रे, चहा. आणि अर्थशास्त्राची वही." तो, "हो, हो. कारण राज्यशास्त्राची मागितली तर दिली नव्हती. विश्वास नव्हता ना!" ती, "अजून कुठे आहे?" सगळे हसतात, आणि मग वही परत करताना त्याने डागाभोवती पेनाने नकाशा कसा काढला होता ते ती सांगते. हा भाग तो कधीच स्वतः सांगत नाही, तिच्यासाठी ठेवतो.

दुसरं जोडपं बघून ठरवलेलं. गोष्ट तोच सांगतो, अगदी छान रंगवून. मध्ये ती एकदा म्हणाली, "तसं नव्हतं झालं." तर तो म्हणाला, "तुला काय आठवणार, तू मान खाली घालून बसली होतीस." आणि गोष्ट पुढे गेली. ती रिकामी ताटं उचलायला लागली.

दुरुस्ती दोघींनीही केली. पण एकीकडे गोष्ट वाढली, दुसरीकडे बंद झाली. ह्यावरून नात्याबद्दल काही कळतं का, की मी उगाच सीआयडीगिरी करतेय?

खमंग_चिवडा

सीआयडीगिरीच. पुढच्या वेळी तुमच्याकडे जेवायला येताना वकील घेऊन येऊ. =))

वाटाड्या

काही उगाच नाही. ह्यावर अमेरिकेत मोठं संशोधन झालंय. गॉटमन नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत. ते जोडप्याची ही गोष्ट पाच मिनिटं ऐकतात आणि घटस्फोट होणार की नाही ते ९४ टक्के अचूक सांगतात. युक्ती सोपी आहे, 'मी' किती वेळा आलं आणि 'आम्ही' किती वेळा आलं ते मोजायचं. 'आम्ही' जास्त म्हणजे संसार सुखाचा.

फटकळ

मग कोल्हापूरकडचे सगळे नवरे सुखी. तिकडे माणूस एकटा चहा प्यायला तरी 'आम्ही चहा घेतला' म्हणतो.

चिंतामणी_६१

धागा अगदी योग्य वेळी आला. माझ्या मुलीचं तिच्या ऑफिसातल्या मुलाशी जमलं आहे. मुलगा चांगला आहे, आमची हरकत नाही. पण भावकीत कसं सांगावं? स्थळ मंडळाकडून आलं असं सांगितलं तर चालेल का? मुलगी ऐकायला तयार नाही.

खमंग_चिवडा

काका, धागा वेगळा आहे, पण मुलीचं ऐका. मंडळाची स्टोरी सांगितलीत तर साखरपुड्यात कुणीतरी 'कुठलं मंडळ? आमच्याही पोराचं नाव घालतो' म्हणणार, आणि मग तुम्हाला मंडळच काढावं लागेल.

गोदाकाठ

मी विवाह समुपदेशनाचं काम करते. वाटाड्या, संशोधन खरं आहे, पण तुमच्यापर्यंत येता येता त्याचा बराच चोथा झालाय.

बुएलमन, गॉटमन आणि कॅट्झ ह्यांचा तो अभ्यास १९९२चा. बावन्न जोडपी होती, सगळ्यांना चारपाच वर्षांची मुलं. नवराबायकोला शेजारी बसवून मोकळ्या गप्पांसारखी मुलाखत घ्यायची, तीही पाच मिनिटांत उरकायची नाही. ह्या मुलाखतीची धाटणी स्टड्स टर्केल ह्यांच्यावरून घेतली होती. टर्केल म्हणजे शिकागोचे रेडिओवाले, साध्या माणसांना बोलतं करण्यात पटाईत. प्रश्न अगदी आपल्या जेवणानंतरच्या गप्पांतले: कुठे भेटलात, पहिल्यांदा बघून काय वाटलं, लग्नाचं कसं ठरलं, लग्नाच्या दिवसातलं काय आठवतं, पहिलं वर्ष कसं गेलं, सगळ्यात कठीण काळ कुठला आणि त्यातून कसे निघालात.

'मी' आणि 'आम्ही' मोजून निकाल लावला नव्हता. सगळी मुलाखत ऐकून गुण द्यायचे. जोडीदाराबद्दल आपणहून काही चांगलं निघतं का? तपशील भरभरून येतात, की 'झालं लग्न, रीतसर' एवढ्यावर आटपतं? गोष्टीत दोघं मिळून काही करतात, की दोन माणसं समांतर चाललेली दिसतात? आणि वाईट दिवस कसे सांगतात? 'त्यातून निघालो' म्हणून सांगतात, की 'एकामागून एक येतच गेलं, काय करणार' असं? नवऱ्याच्या सांगण्यातली निराशा, लग्न फसलं असा सूर, हा त्या अभ्यासात सर्वांत ठळक इशारा निघाला होता.

निशिगंध, तुमची पहिली जोडी त्या तपशिलांच्या बाबतीत फार बोलकी आहे. अर्थशास्त्र की राज्यशास्त्र ह्याने गोष्टीत काही फरक पडत नाही. तरी तो तपशील दोघांनी जपलाय. आणि नकाशाचा भाग तो तिच्यासाठी सोडतो, हे मला दुरुस्तीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. दुरुस्ती झाल्यावर समोरचा काय करतो तेही बघायचं. त्याने 'हो, हो' म्हणून तिचा चहा गोष्टीत घेतला आणि तिथूनच पुढे गेला.

हिशेबनीस

गोदाकाठ, बाकी पटलं. पण ९४ टक्के हा आकडा ऐकून उगाच कुणी घाबरू नये म्हणून दोन पैसे माझे.

समजा शंभर जोडपी घेतली आणि तीन वर्षांत त्यातली बारा वेगळी झाली. मी कुणाचीही गोष्ट न ऐकता 'कुणाचाच घटस्फोट होणार नाही' असं सांगून मोकळा झालो, तरी अठ्ठ्याऐंशी टक्के बरोबर ठरतो. आहे की नाही घरबसल्या ज्योतिष? म्हणून 'किती टक्के बरोबर' हे विचारूच नये. 'ज्यांचं मोडेल म्हणालात त्यांच्यातल्या किती जणांचं खरंच मोडलं' हे विचारावं.

दुसरी मेख अशी, की त्या आकड्याचं सूत्र त्याच बावन्न जोडप्यांवर बसवलेलं, आणि बरोबर ठरवलंही त्यांच्यावरच. पेपर हातात ठेवून उत्तरं लिहिण्यासारखं झालं ते. हेमन आणि स्लेप ह्यांनी २००१मध्ये हाच मुद्दा घेऊन एक प्रयोग केला. दुसऱ्याच एका मोठ्या पाहणीतली माहिती अर्धी अर्धी केली, एका अर्ध्यावर सूत्र बसवलं आणि ते दुसऱ्या अर्ध्याला लावलं. 'ह्यांचं मोडेल' म्हणून बोट ठेवलेल्यांपैकी बहुतेकांचं मोडलंच नव्हतं.

गोदाकाठ

मान्य. २०००मध्ये त्याच गटाने नवविवाहितांवर हीच मुलाखत पुन्हा वापरली, तिथेही संबंध दिसला, पण तुमचा आक्षेप त्यालाही थोडाफार लागू होतोच. मी कामात ह्याचा उपयोग भविष्य सांगायला करत नाही. पहिल्या भेटीत 'भांडण कशावरून' विचारण्याआधी 'भेटलात कसे' विचारते. काही जोडपी आल्यापासून पहिल्यांदा तिथे एकमेकांकडे बघतात. काहींना आठवतच नाही, म्हणजे आठवायची इच्छा होत नाही. पुढे कुठून सुरुवात करायची ते मला तेवढ्यावरून समजतं.

वाटाड्या

चला, निदान गॉटमन हे नाव तरी बरोबर होतं माझं.

रानवारा

एक उलटं उदाहरण. आमची गोष्ट आमच्या ग्रुपात सुपरहिट होती. पावसाळ्यात लोणावळ्याची ट्रिप, खंडाळ्याच्या अलीकडे बस बंद पडली, सगळे वैतागलेले, आणि आम्ही दोघं एका टपरीवर भजी खात बसलो ते बस निघूनच गेली. कोणतं वाक्य कुणाचं हे ठरलेलं होतं. तिने 'आणि ह्याच्याकडे पैसे किती, तर...' म्हणून थांबायचं, मी खिसा उलटा करून दाखवायचा. लोक आग्रह करून सांगायला लावायचे. आमचा घटस्फोट झाला. म्हणजे तुमच्या मोजपट्टीवर आम्हाला पैकीच्या पैकी मिळाले असते.

गंमत अशी, की तीच ट्रिप आता मला वेगळी आठवते. बस गेल्यावर ती माझ्यावर चिडली होती आणि परतीच्या लोकलमध्ये दादरपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. गोष्टीत हे आम्ही कधीच सांगितलं नाही. आता मला तेवढंच आठवतं. खरं कुठलं?

फटकळ

भजी खरी.

गोदाकाठ

रानवारा, दोन्ही झालं असेल. पण तुमच्या प्रश्नावर थेट काम झालंय. मिशिगनमध्ये १९८६ साली लग्नाच्या पहिल्या वर्षातल्या ३७३ जोडप्यांच्या घरी जाऊन त्यांची गोष्ट दोघांकडून एकत्र ऐकली. कसे भेटलात तिथपासून पुढे काय व्हावंसं वाटतं तिथपर्यंत. मग तिसऱ्या आणि सातव्या वर्षी पुन्हा तीच गोष्ट सांगायला लावली. सुरुवातीच्या दिवसांबद्दल त्या वेळी काय म्हणाले होते ते नोंदलेलं असल्यामुळे ताडून बघता आलं. होम्बर्ग आणि होम्स ह्यांनी ते १९९४मध्ये मांडलं: मधल्या काळात ज्या नवऱ्यांचं मन लग्नातून उतरलं होतं, त्यांना सुरुवातीचे दिवससुद्धा, तेव्हा स्वतःच सांगितले होते त्यापेक्षा वाईट आठवत होते.

म्हणजे गोष्टीवरून नातं घडतं, की नात्यावरून गोष्ट रंग बदलते? दुसरं तर नक्की होतं. पहिलंही थोडं होत असावं असं मला वाटतं, पण मी ते छातीठोकपणे सांगणार नाही.

तुमच्या हिट गोष्टीबद्दल: घोकून बसलेली गोष्ट आणि न घोकलेली ह्यांत फरक करावा लागतो. ठरलेली वाक्यं बोलताना माणूस समोरच्या लोकांकडे बघत असतो, जोडीदाराकडे नाही. म्हणून मुलाखतीत पाठ झालेला भाग संपला की मी आडवा प्रश्न टाकते. 'मग घरी कसे पोचलात?' तुमच्या बाबतीत लोकल तिथेच बाहेर आली असती.

रानवारा

हम्म. 'घरी कसे पोचलात' खरंच कुणी कधी विचारलं नाही.

फटकळ

आता माझंही ऐका. हा सगळा बोलक्या लोकांचा कारभार आहे. आमच्याकडे गोष्ट मीच सांगतो, बायको तोंड उघडत नाही. कारण ती चारचौघांत कुठल्याच विषयावर बोलत नाही. गोष्टही अडीच ओळींची: कांदेपोह्याचा कार्यक्रम, तिने बशी आणून दिली, पोह्यात शेंगदाणे नव्हते, मी मनात म्हटलं काटकसरी घर दिसतंय, जमेल. झालं. आता निशिगंध आमच्याकडे आल्या तर आमचाही दुसऱ्या नमुन्यात नंबर लावतील.

हिशेबनीस

हा मुद्दा बिनतोड आहे. मुळात ही मुलाखत अमेरिकन जोडप्यांवर बेतलेली. आपल्याकडे सासूबाई समोर बसल्या असताना सून 'हे मला पहिल्याच भेटीत आवडले' म्हणेल का?

कोकणचा_फणस

सासू कसली, आमच्याकडे गोष्ट आत्या सांगते! आईबाबांचं लग्न आत्याने जुळवलं, त्यामुळे कॉपीराईट तिचा. आईबाबा दोघंही श्रोत्यांत. फक्त आत्या 'मुलगी सावळी होती पण' म्हणते तिथे बाबा न चुकता 'पण काय गो?' विचारतात. एवढाच त्यांचा संवाद. ह्याला किती गुण?

गोदाकाठ

कोकणचा_फणस, तुमच्या बाबांना सगळे गुण.

फटकळ, तुमचं बरोबर आहे. मितभाषी माणूस सगळीकडेच मितभाषी असतो, त्यावरून संसाराचं माप काढू नये. मी बघते ते असं: माणूस इतर विषयांवर जेवढा बोलतो त्याच्या मानाने ह्या विषयावर किती बोलतो? ऑफिसबद्दल, मुलांबद्दल तासभर बोलणारी बाई लग्नाची गोष्ट निघाली की ताटं उचलायला लागते, ते वेगळं. तुमच्या पत्नी सगळीकडेच गप्प असतील तर त्यातून काहीच निघत नाही.

हडसनकाठची_मैना

न्यू जर्सीतून. आमचं ठरवून झालेलं लग्न, दोन भेटींत. इथे ऑफिसच्या पार्टीत सांगितलं की लोकांचे डोळे मोठे होतात, 'फक्त दोन भेटी?' सुरुवातीला नवरा खरं ते सांगायचा. मग त्यांना कसंनुसं वाटू नये म्हणून हळूहळू तिसरी भेट घुसली. मग त्या भेटीत पाऊस. आता इथल्या मित्रांना सांगायच्या गोष्टीत आम्ही सारसबागेत एका छत्रीत आहोत. पुण्याला गेलो की छत्री मिटते आणि पुन्हा दोन भेटी. :)

पण खरं सांगू, ती खोटी भेट आम्ही दोघांनी मिळून रचली, आणि ती रचताना जी मजा आली ती त्या दोन खऱ्या भेटींत अजिबात आली नव्हती.

खमंग_चिवडा

तळ्यातल्या गणपतीच्या साक्षीने एवढी थाप!

जुनी_सायकल

मी इथे फक्त वाचते, आज लिहिते. आमचे हे जाऊन काही वर्षं झाली. आमची गोष्ट दोघं मिळून सांगायचो, आणि त्यात कामं वाटलेली होती हे मला नंतर लक्षात आलं. गावं, तारखा, गाड्यांच्या वेळा हे त्यांच्याकडे. कोण काय बोललं, कुणी काय नेसलं होतं ते माझ्याकडे. ते 'मनमाडला गाडी चुकली' म्हणायचे आणि तिथून पुढे मी सुटायची. परवा नातीने विचारलं तर मला त्यांच्या मामांची चिडकी बोलणी शब्दन् शब्द आठवली, पण आम्ही मनमाडहून कुठे निघालो होतो तेच आठवेना. नणंदेला फोन केला. ती म्हणाली औरंगाबाद, पण मला तसं वाटत नाही.

गोदाकाठ

काकू, हे खूप घरांत होतं. डॅनियल वेग्नर ह्यांनी १९८०च्या दशकात हेच मांडलं होतं, की फार दिवस एकत्र राहिलेल्या माणसांच्या आठवणी दोघांत वाटल्या जातात, आणि कोणती कुणाकडे आहे एवढं दोघांना माहीत असतं. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठात वयस्कर जोडप्यांना एकेकटं आणि मग एकत्र आठवायला लावलं. काही जोडप्यांना एकत्र जास्त आठवलं, काहींना उलट कमी. एकानं धागा द्यायचा आणि दुसऱ्यानं तो उचलायचा, असं बोलणाऱ्यांना फायदा झाला. तुमचं 'मनमाड' तसं होतं.

घरात जुनी पत्रं किंवा लग्नाच्या अहेराची वही आहे का? त्यात गावं असतात.

जुनी_सायकल

अहेराची वही आहे माळ्यावर. मुलाला काढायला सांगते.

चिंतामणी_६१

मी मुलीला हा धागा वाचायला दिला. ती म्हणाली, "बाबा, आमची गोष्ट आम्ही सांगू, तुम्ही फक्त पत्रिकेचं बघा." पत्रिका म्हणजे निमंत्रणाची, कुंडली नव्हे.

निशिगंध

मूळ मुद्द्यावर येते. दुसऱ्या नमुन्यातली मैत्रीण काल भेटली, एकटीच. आडवळणाने विषय काढला. म्हटलं, त्या दिवशी 'तसं नव्हतं' म्हणालीस, मग कसं होतं?

ती वीस मिनिटं बोलली असेल. कार्यक्रम संपवून मंडळी जिन्यात गेली, आणि तो चप्पल विसरल्याच्या निमित्ताने परत आला. दारात तिला म्हणाला, "तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर मी आमच्याकडून नाही कळवतो, तुमच्यावर येणार नाही." तिने त्याच वाक्यावर होकार दिला. ही गोष्ट तो कधीच सांगत नाही. तो सांगतो ती मान खाली घातलेली मुलगी आणि बिघडलेला टेपरेकॉर्डर, कारण लग्नात मामांनी ती सांगितली होती आणि सगळे हसले होते.

मी म्हटलं, मग तू सांग ना चप्पलेची. म्हणाली, "ती त्याला आठवत असेल का, हेच मला माहीत नाही. विचारलं आणि नाही म्हणाला तर?"

आता ह्याचं काय करायचं? प्रेम आहे, तपशील आहे, सगळं आहे. फक्त ते त्याच्यासमोर बोललं जात नाही.

हिशेबनीस

म्हणजे दोघांच्या समोर ऐकून तुम्ही जो निष्कर्ष काढत होतात तो निम्माच होता. एकेकट्याने सांगितलेली आणि एकत्र सांगितलेली अशा दोन्ही गोष्टी ऐकल्याशिवाय काही खरं नाही.

गोदाकाठ

मला निम्मा नाही वाटत. इतक्या वर्षांत ती हे विचारू शकली नाही, ही माहिती त्या पार्टीतल्या एका वाक्यात होतीच. 'तुला काय आठवणार' ऐकल्यावर माणूस आपली सगळ्यात जपलेली गोष्ट पुढे करत नाही. त्याला चप्पल लख्ख आठवत असेल, कदाचित लाजतही असेल सांगायला. पण ते कळायला कुणीतरी विचारायला हवं. मी असते तर पुढच्या जेवणाला त्याला विचारलं असतं, 'कार्यक्रम झाल्यावर घरी कसे गेलात?'

रानवारा

निशिगंध, विचारा. आणि काय झालं ते इथे कळवा.

निशिगंध

दिवाळीत सगळे भेटतोय. बघते. तिला आधी विचारून, अर्थात.

फटकळ

धाग्याने आमच्याकडे आग लावली. बायकोला माझा प्रतिसाद वाचून दाखवला. तिचं म्हणणं (हुकमावरून जसंच्या तसं लिहितो): पोहे नव्हतेच, उपमा होता. शेंगदाणे होते, पण माझ्या वडिलांची कवळी नवीन आहे असं मध्यस्थांनी आधी कळवलं होतं, म्हणून तिच्या आईने आयत्या वेळी एकेक दाणा वेचून काढला. काटकसर वगैरे काही नाही. आणि हे तिने मला आजवर का सांगितलं नाही, तर 'तुम्ही गोष्ट इतकी रंगात येऊन सांगता.'

खमंग_चिवडा

उपम्यात शेंगदाणे? ह्या घराशी सोयरीक केलीतच कशी?

फटकळ

काजू नसले की घालतात. आता ह्यावर वेगळा धागा काढू नका, ती वाचतेय.